मिटल्या डोळ्यावर थेंब

गिरगावात मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही धर्म बदलून जेमतेम वर्ष झालं होतं. मी नायगावला बीडीडी चाळीत राहायचे आणि सकाळची ट्राम पकडून दवाखाना उघडायच्या आधी हजर व्हायचे. डॉक्टर कमी बोलायचे आणि काम चोख करायचे. माणसांबद्दल माझं मत तेव्हाही फारसं बरं नव्हतं, पण डॉक्टरांबद्दल बरं होतं.

एका सकाळी तीन मोठी माणसं एका लहान पोराला घेऊन आली. पुढे एक वकील, काळा कोट हातावर टाकलेला. मागे त्यांची बायको, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. सर्वात मागे सून, तिच्या कडेवर पोर. पोर दोन वर्षांचं व्हायला दीडेक महिना असेल. दोन्ही डोळे आलेले. पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, आणि त्यांवर काजळाचा लेप बसून सगळं काळं-पिवळं झालं होतं.

"काजळ कुणी घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोळ्यांना थंड असतं," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी सल्फाचे थेंब लिहून दिले. दर चार तासांनी, दोन्ही डोळ्यांत, आठवडाभर. पहिले थेंब तिथेच घालायचे ठरले आणि तिथून तमाशा सुरू झाला. आजींनी पोराला मांडीवर ताठ बसवलं. वकिलांनी दोन्ही हात धरले. सुनेने पाय धरले. डॉक्टर ड्रॉपर घेऊन पुढे झाले तसं पोराने मान अशी फिरवली की पहिला थेंब कानात गेला. आजींनी अंगठ्याने पापणी वर ओढली. पोर किंचाळलं. दुसरा थेंब वकिलांच्या सदऱ्यावर पडला. कोर्टात समोरच्याला गप्प करणारा माणूस दोन वर्षांच्या पोराचा हात धरताना घामाघूम झाला होता, आणि वर पोरालाच सांगत होता, "असं करू नये, शहाणा ना तू?"

मी कोपऱ्यात सुया उकळत उभी होते. हसले नाही. नर्सने हसायचं नसतं.

डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्याच्याने होणार नाही. सकाळ-संध्याकाळ ही आमची सिस्टर घरी येईल. ती दाखवेल तसं मधल्या वेळी तुम्ही करा."

हे थेंब मुलांना कसे घालायचे ते मला इस्पितळात शिकताना एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं होतं. ती माझगावची, ख्रिस्ती. तिचं म्हणणं साधं होतं. मूल डोळे घट्ट मिटतं, तर मिटू दे. त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही. त्याला उताणं झोपवायचं, नाक छताकडे. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक छोटीशी खळगी असते, तिथे थेंब सोडायचा आणि डोकं सरळ धरून थांबायचं. मूल कधी ना कधी डोळा उघडणारच. उघडला की थेंब आपोआप आत. बस्स. यात शक्ती लागत नाही, धीर लागतो. म्हणूनच पुष्कळांना जमत नाही.

त्याच संध्याकाळी मी वकिलांकडे गेले. दवाखान्यापासून पाच मिनिटांवर, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन जोडखोल्या. मुलाचा बाप नोकरीनिमित्त दिल्लीला होता. दाराशी आजी उभ्या होत्या. मी चपला काढल्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "राहायला कुठं गं तू?"

"नायगावला. बीडीडी चाळीत."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही ते..."

"आम्ही बौद्ध."

"हो का," त्या म्हणाल्या. "बुद्ध आमच्यातही आहे, विष्णूचा नववा अवतार." आणि दारातून बाजूला न होता तिथेच उभ्या राहिल्या.

मी हात धुवायला पाणी मागितलं. डोळ्यांना हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायचेच असतात. त्यांनी मला गॅलरीतल्या मोरीकडे नेलं आणि तांब्यातून पाणी घातलं ते हातभर उंचावरून. अर्धं माझ्या साडीवर उडालं. त्यानंतर मी आत गेले तेव्हा पोर सुनेच्या कडेवर होतं. माझ्या हातातली बाटली बघितली आणि त्याने सुनेच्या मानेत तोंड खुपसलं.

"याला उताणं झोपवायला हवं," मी म्हणाले. "पलंगावर चालेल."

"पलंगावर नको," आजी म्हणाल्या. "तू असं कर, तिथून सांग. आम्ही करतो."

'तिथून' म्हणजे उंबऱ्यातून. वकील आतल्या खोलीत टेबलाशी काहीतरी लिहीत बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते उठून आले आणि माझ्याशी हलक्या आवाजात, फार सभ्यपणे बोलले. "तुम्ही मनावर घेऊ नका. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण घरात यांचं सोवळं असतं. आता या वयात कुठे..." वाक्य पूर्ण न करता ते घड्याळ बघायला लागले. त्यांना सभेला जायचं होतं. चळवळीत ते भाषणं करायचे, आणि चांगली करायचे असं ऐकलं होतं.

आणि मी, मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं. त्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण पोराच्या पापण्या कोपऱ्यात सुजून लाल झाल्या होत्या आणि ते सारखं मुठीने डोळे चोळत होतं.

मी सांगितलं, "पाणी उकळून गार केलेलं घ्या. कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसा. एक बोळा एकदाच, दुसऱ्या डोळ्याला दुसरा." आजींनी पदराचं टोक भिजवलं आणि दोन्ही डोळे त्या एकाच टोकाने पुसले. मी म्हणाले, "झोपवा." त्यांनी पोराला मांडीवर तिरकं धरलं, कारण 'आमची मुलं अशीच औषध घेतात'. मी म्हणाले, "पापणी ओढू नका." त्यांनी ओढली. थेंब गालावरून ओघळला, पोराने लाथ मारली, ड्रॉपरचं काचेचं टोक पापणीला घासलं. मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. आजींनी मान वर करून माझ्या पायाकडे बघितलं.

मी निघून आले.

घरी आईला सांगितलं. आई गिरणीत कामाला होती, दिवसभर उभी. ती पाय चोळत म्हणाली, "मग जातेस कशाला?"

"पोराचे डोळे आहेत."

"त्यांच्या पोराचे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील स्वतः पोराला घेऊन दवाखान्यात हजर. सुजलेल्या पापण्या उघडतच नव्हत्या. डॉक्टरांनी तपासलं आणि मला विचारलं, "काल किती थेंब आत गेले?"

"एकही नाही."

"का?"

मी वकिलांकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. डॉक्टर समजले. ते वकिलांना म्हणाले, "हे बघा, औषध बाटलीत राहून डोळे बरे होत नाहीत. हे असंच वाढलं आणि बुबुळाला जखम झाली तर फूल पडेल. मग नजरेचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. एक तर सिस्टर सांगेल तसं होऊ द्या, नाहीतर आजच इस्पितळात दाखल करा. तिथे कोण कुठलं, हे विचारायला जागा नसते."

इस्पितळ म्हटल्यावर सोवळं ढिलं पडलं. असल्या घरांत सोवळं नेहमी तेवढंच पक्कं असतं.

मी त्यांच्याबरोबरच घरी गेले. या वेळी आत गेले. पलंग मागितला नाही. जमिनीवर चटई टाकायला सांगितली, भिंतीला पाठ टेकून बसले आणि पाय समोर लांब केले. सुनेला म्हणाले, "याला माझ्या पायांमध्ये उताणं ठेवा. डोकं माझ्याकडे."

तिने ठेवलं. पोराचं डोकं माझ्या दोन मांड्यांच्या मधे आलं. मी त्याचे हात दोन्ही बाजूंनी माझ्या मांड्यांखाली घेतले, दाबून नाही, नुसते सुटणार नाहीत इतके. त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे राहिले आणि त्याची मान वळेना. पोर ओरडायला लागलं.

आजींनी ते बघितलं. त्यांचा नातू, त्यांच्या घरात, माझ्या पायांखाली हात घालून पडला होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून भांडी आपटायचा आवाज यायला लागला.

मी आधी डोळे पुसले, चिपडं भिजवून, हळूहळू. बाटली थोडा वेळ मुठीत धरून ठेवली होती म्हणजे थेंब फार गार लागू नये. पोराने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. रडत असताना थेंब टाकून उपयोग नसतो, आसवं ते धुऊन नेतात. म्हणून मी थांबले. काही गाणं म्हटलं नाही, 'बाळा-सोन्या' केलं नाही. नुसती थांबले. पोराला कळेना हे काय चाललंय. आत्तापर्यंत जो कुणी जवळ आला त्याने त्याचा डोळा उपटायचाच प्रयत्न केला होता. ही बाई काहीच करत नव्हती. त्याचं ओरडणं हुंदक्यांवर आलं. डोळे मिटलेलेच होते. मी उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडला, टोक कातडीला न लावता. मग डाव्या.

"पण डोळे तर मिटलेलेच आहेत," वकील म्हणाले.

"राहू देत."

"मग औषध आत कसं..."

"साहेब, जरा थांबा."

त्यांना थांबायची सवय नव्हती. ते येरझाऱ्या घालायला लागले. मी पोराचं डोकं दोन्ही तळव्यांमध्ये सरळ धरलं. थेंब त्या खळगीत चकाकत उभे होते. पोराचा एक हुंदका, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही. आपल्याला काही होत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. कपाळ सैल झालं. आणि मग, एवढी शांतता का झाली हे बघायला, त्याने डोळे उघडले. थेंब आत गेले. त्याला झोंबलं. त्याने पापण्या फडफडवल्या, म्हणजे औषध सगळीकडे पसरलं. तोवर काम झालं होतं. मी त्याचे हात सोडले, उठवून सुनेकडे दिलं आणि गालावर आलेलं कापसाने टिपलं.

सून माझ्याकडे बघत राहिली. ती विशीची असेल. "एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

वकील म्हणाले, "वा! अगदी शास्त्रीय." जसं काही त्यांनी परीक्षा घेतली होती आणि मी पास झाले होते.

संध्याकाळी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही. पोर कमी रडत होतं, पण डोळे मात्र तसेच. घाण तेवढीच, लाली तेवढीच. मला नवल वाटलं. औषध जात होतं, मी डोळ्यांनी बघत होते. एका दिवसात थोडा तरी फरक पडायला हवा होता.

त्या दिवशी मी जिना उतरत असताना सून कचऱ्याचा डबा घेऊन मागे आली. मधल्या मजल्यावर तिने मला थांबवलं. वर बघून घेतलं.

"सिस्टर, एक सांगू? तुम्ही गेल्या गेल्या त्याला न्हाऊ घालतात."

"कुणाला?"

"बाळाला. डोक्यावरून पाणी. दोन्ही वेळा. सासूबाई म्हणतात, विटाळ..." ती थांबली. तिला माझ्यासमोर तो शब्द उच्चारायची लाज वाटली, पण उच्चारून झाला होता.

म्हणजे मी जिना उतरेपर्यंत सल्फा मोरीत वाहून जात होता. डोळे आलेल्या पोराला दिवसातून दोनदा डोक्यावरून पाणी, साबणासकट. पोराचे डोळे गेले तरी चालतील, माझा स्पर्श राहता कामा नये. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं बघितली आहेत. दारू पिऊन इंजेक्शन घ्यायला येणारे बघितले, जखमेवर शेण लावणारे बघितले. पण त्यांच्याबद्दल मला कधी तिटकारा वाटला नाही. त्यांना माहीत नव्हतं, इतकंच. इथे माहीत होतं. माहीत असून पाणी ओतलं जात होतं, आणि वकील आतल्या खोलीत बसून त्या पाण्याचा आवाज ऐकत भाषण लिहीत होते.

"तुम्ही काही बोलत नाही?" मी सुनेला विचारलं.

"मी काय बोलणार?"

तिचाही मला राग आला. पण तिने निदान जिना तरी उतरला होता.

डॉक्टरांना सांगता आलं असतं. ते पुन्हा दम देते, आजी दोन दिवस गप्प बसत्या, मग आणखी काहीतरी काढत्या. मी वेगळं ठरवलं. त्यात पोराची कळकळ किती आणि त्या घरात पुन्हा पाऊल न टाकण्याची इच्छा किती, हे मला नीट सांगता येणार नाही. दुसरीच जास्त असावी.

"तुम्हीच करायचं," मी तिला म्हणाले. "मी हात लावणार नाही म्हणजे अंघोळही नाही. संध्याकाळी मी दारात उभी राहीन. तुम्ही चटईवर बसा, मी बसले होते तशा."

"मला जमेल?"

"गाय पान्हा सोडेपर्यंत गवळी थांबतो की नाही? तेवढं थांबता आलं तर जमेल."

संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले ती स्वतःच्या मर्जीने. आजींना वाटलं मी वठणीवर आले. त्या चक्क माझ्याशी हसल्या.

सून पाय पसरून बसली. पोराचं डोकं मांड्यांमध्ये घेतलं, हात खाली घेतले. थेंब सोडला, पण भीतीने लगेच ड्रॉपर खाली ठेवायला वळली आणि पोराने मान कलती केली. थेंब कानाकडे गेला.

"पुन्हा," मी म्हणाले. "आधी डोकं सांभाळा. ड्रॉपर पळून जात नाही."

दुसऱ्यांदा तिने नीट केलं. नाक छताकडे, थेंब कोपऱ्यात, दोन्ही तळवे गालांवर. मग थांबली. आजी म्हणाल्या, "अगं, उघड की डोळा त्याचा." सून म्हणाली, "नाही." त्या घरात तिने सासूला 'नाही' म्हटलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं. आजीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होत्या. पोराने डोळे उघडले, आईचा चेहरा उलटा बघितला आणि त्याला हसू आलं. थेंब आत गेले.

त्यानंतर कुणी पोराला न्हाऊ घातलं नाही. आईच्या स्पर्शाला विटाळ नव्हता.

पुढचे चार दिवस मी दारात पाच मिनिटं उभी राहून परत येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या चिकटलेल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी सुनेने त्याचे हात धरलेच नाहीत. चटई टाकली की पोर स्वतः आडवं होत होतं आणि डोळे घट्ट मिटून ओठ आवळून वाट बघत होतं. तो त्याला खेळ वाटत होता. मी सुनेला सांगितलं, "डोळे स्वच्छ दिसले तरी, तुमच्या हातून थेंब जायला लागले तिथपासून आठवडा पुरा करा. मधेच सोडू नका." आणि जायचं बंद केलं.

त्या आठवड्याच्या शेवटी परळला मैदानात सभा होती. माझा भाऊ मला घेऊन गेला. व्यासपीठावर आमची माणसंही होती, चळवळीत सगळेच होते. वकील बोलायला उभे राहिले. आवाज चांगला होता. मुंबईवरचा हक्क, कामगारांचं रक्त, सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मित्रहो, आता जातपात उरलेली नाही. माझ्याच घरात, माझ्या आजारी नातवाचं डोकं एका बौद्ध भगिनीच्या मांडीवर विसावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे."

टाळ्या पडल्या. माझ्या भावानेही वाजवल्या, त्याला काय माहीत. मी त्याला म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"अजून दोघं बोलायचे आहेत."

"तू थांब मग."

मी एकटीच चालत नायगावला आले. मुंबई महाराष्ट्रात यावी असं मलाही वाटत होतं, आणि ती आली तेव्हा मला आनंदही झाला. पण त्या रात्री त्या माणसाच्या आवाजाची मला किळस आली. तो खोटं बोलला नव्हता, हेच वाईट होतं. डोकं मांडीवर होतं, त्याने पाहिलं होतं. पुढचं पाणी त्याने फक्त ऐकलं होतं, म्हणून ते सांगायची गरज नव्हती.

वकील पुढे कधी दवाखान्यात आले की मला नमस्कार करायचे. मी करायचे नाही. त्यांना वाटायचं मी कामात आहे.

दोनेक महिन्यांनी पुन्हा डोळ्यांची साथ आली. दवाखान्यात रांग लागली. एक बाई पोरीला घेऊन आल्या, त्याच चाळीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या. मी थेंबांची बाटली उघडून त्यांना सांगायला लागले तशा त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. झोपवायचं आणि मिटल्या डोळ्यावर टाकायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंनी शिकवलं. त्यांच्या माहेरी सगळे असंच करतात."

"असं का," मी म्हणाले.

"हो. चाळीतल्या सगळ्यांना त्याच दाखवतात."

त्यांनी पोरीला बाकावर उताणं झोपवलं, कोपऱ्यात अगदी बरोबर थेंब सोडला आणि लगेच उचलून खांद्यावर घेतलं. थेंब त्यांच्या ब्लाउजवर सांडला. माहेरच्या विद्येत थांबणं तेवढं राहून गेलं होतं.

रांगेत आणखी पंधरा माणसं होती. मी त्या पोरीला पुन्हा बाकावर झोपवलं आणि बाईंना म्हणाले, "डोळा उघडेपर्यंत डोकं सरळ धरायचं. तिने उघडला की मगच उचलायचं. हे वर जाऊन त्यांनाही सांगा."